पाच मिनिटांची मांडणी: एकच आकडा धरा आणि तो शेवटपर्यंत सोडू नका

प्रश्न: "मी सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा गट वसतिगृहातल्या आरओ प्लँटचं वाया जाणारं पाणी टॉयलेटच्या फ्लशला वापरायचा प्रकल्प करणार आहे. पुढच्या आठवड्यात विभागाच्या पॅनेलसमोर पाच मिनिटांत गरज, योजना आणि खर्च मांडायचाय. सराव केला तर अकरा मिनिटं होतात. काय कापू ते कळत नाही."

अकरा मिनिटं होतात याचं कारण तुम्ही जास्त बोलता हे नाही. तुमच्या मांडणीत बहुधा तीन वेगवेगळी भाषणं आहेत. गरजेचं भाषण भूजलापासून सुरू होतं, योजनेचं सेन्सरवर रमतं आणि खर्चाचा तक्ता कुठून तरी आणून शेवटी चिकटवलेला असतो. अशा मांडणीत कात्री कुठे लावायची ते खरंच कळत नाही, कारण एक तुकडा काढला तरी उरलेल्याला काही होत नाही.

मी बावीस वर्षं शिकवतोय आणि त्यातली पंधरा-सोळा वर्षं अशा पॅनेलवर बसतोय. टेबलाच्या आमच्या बाजूला काय चाललेलं असतं ते सांगतो. दिवसभरात वीस-बावीस गट येतात, जेवणानंतर डोळे मिटायला लागतात, आणि प्रत्येक गटाबद्दल आम्हाला दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. हे काम एप्रिलपर्यंत या चौघांच्या हातून होईल का, आणि मागितलेले पैसे नीट विचार करून मागितलेत का. पाण्याचं महत्त्व आम्हाला पटवायची गरज नसते. मार्चमध्ये आमच्याही सोसायटीत टँकर येतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली जवळपास तुमच्याच विषयावरचा एक गट होता. त्यांची मांडणी कशी घडली ते सांगतो, त्यातून तुम्हाला काय काढायचं ते काढा.

पहिल्या सरावात त्यांची पहिली स्लाइड होती, 'आरओमध्ये ७५ टक्के पाणी वाया जातं.' मी विचारलं, कोणत्या आरओमध्ये? घरातल्या छोट्या मशीनबद्दल असं काहीतरी कुठेतरी वाचलं होतं. मेसमधला प्लँट मोठा, तासाला २५० लिटर शुद्ध पाणी देणारा. त्याचं गणित वेगळं असतं. प्लँटजवळ जाऊन कोणी बघितलंय का, म्हटल्यावर चौघं एकमेकांकडे बघायला लागले.

मग त्यांना बादली घेऊन पाठवलं. रिजेक्टची, म्हणजे वाया जाणाऱ्या पाण्याची, नळी १५ लिटरच्या बादलीत सोडायची, मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं. बादली ३ मिनिटं १० सेकंदांत भरली, म्हणजे तासाला साधारण २८४ लिटर. सकाळी, दुपारी, रात्री तीनदा मोजलं, फार फरक पडला नाही. पण प्लँट चोवीस तास चालत नाही, वरची पिण्याच्या पाण्याची टाकी भरली की तो बंद पडतो. म्हणून मेसमधल्या काकांना एक वही दिली आणि प्लँट सुरू कधी झाला, बंद कधी झाला, एवढंच आठवडाभर लिहायला सांगितलं. इतर दिवशी सात तासांच्या आसपास आणि रविवारी जेमतेम चार, कारण रविवारी संध्याकाळी मेस बंद. सरासरी साडेसहा तास. २८४ गुणिले साडेसहा, म्हणजे दिवसाला सुमारे १,८०० लिटर.

हा आकडा हातात आला आणि मांडणीचा कणा तयार झाला. त्यांची मूळ योजना सगळ्या वसतिगृहाला फ्लशचं पाणी द्यायची होती: तीन मजले, १८० मुलं. आयएस ११७२ या मानकात फ्लशसाठी दरडोई दिवसाला ४५ लिटर धरलेत. १,८०० भागिले ४५ म्हणजे ४० मुलं. बस्स. १८० मुलांना ८,१०० लिटर लागतं आणि हातात आहे त्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. पोरांची तोंडं उतरली, मला मात्र बरं वाटलं, कारण प्रकल्प आता करता येण्याजोगा झाला होता. तळमजल्याच्या एका विंगमध्ये वीस खोल्या, दोघं-दोघं राहतात. बरोबर चाळीस. योजना त्या विंगपुरती ठरली. तीन मजल्यांची पाइपलाइन, गच्चीवरची मोठी टाकी आणि त्यांच्या सात-आठ स्लाइड आपोआप गळून पडल्या.

तुम्ही काय कापू म्हणून विचारलंय, त्याचं माझ्याकडचं उत्तर हेच. दिवसाचे लिटर हा आकडा गरजेत मोजला जातो, योजनेत त्यावरून टाकी आणि पंप ठरतात, खर्चात त्याच टाकीची आणि पंपाची किंमत येते. जे वाक्य या आकड्याला कुठेच लागत नाही ते काढून टाका. भूजल पातळी, जागतिक टंचाई, आरओ कसा चालतो त्याची आकृती, आधीच्या शोधनिबंधांचा आढावा, सगळं अहवालात जाऊ द्या.

आता गरज. यासाठी सव्वा मिनिट पुरतं. त्या गटातल्या मुलीने सुरुवात साधारण अशी केली होती: "सर, आपल्या वसतिगृहाच्या मेसमागच्या गटारात रोज १,८०० लिटर स्वच्छ दिसणारं पाणी जातं. आम्ही ते आठवडाभर बादलीने मोजलंय. मार्च-एप्रिलमध्ये त्याच वसतिगृहासाठी कॉलेज टँकर विकत घेतं." तीन वाक्यं. मग एक फोटो, ज्यात नळी, बादली आणि घड्याळ तिन्ही दिसतात. पाणी पिण्यालायक का नाही तेही एका वाक्यात: येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ५०० होता, रिजेक्टचा ९०० च्या वर. फ्लशला चालतं. झाडांना का नको, हे कोणीतरी विचारणारच. रोज खारट पाणी पडलं की क्षार मातीत साठत जातात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत लॉन पिवळं पडतं. पण हे विचारल्यावरच सांगा.

योजनेला दोन मिनिटं द्या, सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवा. बहुतेक गट योजना म्हणून उपकरणांची यादी वाचतात. पॅनेलला हवी असते ती पाण्याची वाट, नळीपासून फ्लशच्या टाकीपर्यंत. एकच आकृती, हाताने काढलेली असली तरी चालेल, आणि तिच्यावर बोट ठेवून बोला. रिजेक्ट आधी जमिनीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत मोकळं पडतं. रिजेक्टची नळी थेट वर चढवायची नाही, कारण उलट दाब आला की प्लँटचं शुद्ध आणि वाया पाण्याचं प्रमाण बदलतं. तिथून अर्धा एचपीचा पंप ते पोर्चवरच्या १,००० लिटरच्या टाकीत चढवतो आणि पुढे ते उताराने विंगमधल्या फ्लशच्या टाक्यांत जातं.

वरची टाकी १,००० लिटरचीच का, याचं उत्तर तयार ठेवा. प्लँट जेवणाच्या आसपास चालतो आणि फ्लशचा निम्मा वापर सकाळी सहा ते नऊमध्ये होतो. १,८०० चे निम्मे ९००. म्हणजे रात्रीचं पाणी सकाळपर्यंत साठवायला ९०० हवेत आणि बाजारात त्याच्या पुढचं माप १,००० चं मिळतं. हे सांगितलं की पॅनेलवरचा माणूस मान हलवतो, कारण त्याच्या डोक्यात आलेला पुढचा प्रश्न तुम्ही आधीच सोडवलेला असतो.

योजनेत एक गोष्ट विसरायची नाही. रिजेक्ट कमी पडलं तर काय? वरच्या टाकीत कॉलेजच्या साध्या पाण्याची नळी द्यायची, पण तिचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर, हवेत मोकळं ठेवायचं. दोन्ही पाइप एकमेकांना कुठेही थेट जोडायचे नाहीत. नाहीतर एखाद्या दिवशी दाब पडला की फ्लशचं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाईल. फ्लशच्या पाइपला वेगळा रंग द्या आणि त्यावर 'पिण्याचे पाणी नाही' असं लिहा. सिव्हिलच्या पॅनेलसमोर हे वाक्य आलं नाही तर उरलेली चार मिनिटं पाण्यात जातात, अक्षरशः.

वेळापत्रक योजनेतच येतं, त्याला वेगळी स्लाइड नको. त्या गटाने एक हुशारी केली होती, जोडकाम दिवाळीच्या सुटीत धरलं. वसतिगृह रिकामं, टॉयलेटची लाइन दोन दिवस बंद ठेवली तरी कोणाची तक्रार नाही. दिवाळीआधी मोजमाप आणि खरेदी, सुटीत जोडणी, मुलं परत आल्यावर चाचणी, मग फेब्रुवारीअखेरपर्यंत मीटरची रीडिंग. चार टप्पे, एका श्वासात सांगून होतात. गँट चार्ट दाखवलात तर आम्ही तो वाचायला लागतो आणि तुमचं ऐकणं थांबतं.

खर्चाला एक मिनिट. इथे सगळ्यात जास्त गट आपटतात आणि एकदा मीही आपटलोय. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका निधी समितीसमोर गेलो आणि 'साधारण ५० हजार' म्हणालो. समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "पन्नासच का, पंचेचाळीस का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोल आकडा दिसला की समोरच्याला कळतं, हा हिशेब केलेला नाही.

त्या गटाचा हिशेब असा होता. खालची टाकी ३,६००, वरची ७,०००, पंप ३,८००, पाइप आणि फिटिंग ५,२००, पंप आपोआप बंद-चालू करणारं फ्लोट आणि कंट्रोलर १,४००, वॉटर मीटर १,६००, टीडीएस मीटर ४००, प्लंबरची मजुरी ५,०००. बेरीज २८,०००. त्यावर दहा टक्के वरखर्च २,८००. एकूण ३०,८०० रुपये. हे त्यांच्या गावातल्या दोन दुकानांच्या कोटेशनमधले आकडे आहेत, ते उचलू नका. तुमच्या गावात जा, दोन कोटेशन आणा आणि झेरॉक्स सोबत ठेवा. स्लाइडवर मात्र सगळ्या ओळी नकोत. चार गट पुरतात: टाक्या १०,६००, पंप आणि कंट्रोलर ५,२००, पाइप आणि मजुरी १०,२००, मीटर २,०००, आणि खाली वरखर्च.

पैसे वसूल कधी होतात, हेही इथेच सांगा, पण प्रामाणिकपणे. त्या गटाने आधी वर्षाचे ३६५ दिवस धरून भलीमोठी बचत काढली होती. कॉलेज टँकर घेतं ते मार्च आणि एप्रिलमध्ये, मे महिन्यात वसतिगृह रिकामं असतं. म्हणजे ६० दिवस, दिवसाला १,८०० लिटर, एकूण १ लाख ८ हजार लिटर. १०,००० लिटरचा टँकर तेव्हा १,५०० रुपयांना पडायचा. म्हणजे जेमतेम अकरा टँकर, १६,२०० रुपये. दोन उन्हाळ्यांत खर्च जवळपास निघतो. पंपाची वीज दिवसाला एका युनिटहून कमी, ती त्यात बुडून जाते. मोठा आकडा छोटा झाला म्हणून पोरं नाराज होती. पण हिशेब तपासणाऱ्या माणसापुढे छोटा आणि खरा आकडाच टिकतो, कारण मे महिन्याचा प्रश्न आमच्यातल्या एकाने विचारलाच होता.

आणि वरखर्चाबद्दल. पॅनेलवरच्या स्ट्रक्चर शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, "पोर्चवर भरलेली टाकी म्हणजे एक टन. स्लॅब घेईल?" गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने डिझाइन करतात आणि टाकीखाली जेमतेम एक चौरस मीटर जागा. म्हणजे टाकी स्लॅबच्या मध्यावर ठेवायची नाही. बीमच्या डोक्यावर दोन गर्डर टाकून त्यावर ठेवायची, म्हणजे भार बीममधून कॉलममध्ये जातो. गर्डर यादीत नव्हतेच. गटातला मुलगा जरा थांबला आणि म्हणाला, "सर, हे आमच्याकडून राहिलं. वरखर्चाच्या २,८०० मधून बसवू. नाही बसलं तर टाकी पोर्चऐवजी खाली विटांच्या ओट्यावर ठेवू आणि उंची किती मिळते ते मोजून सांगू." सर हसले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. तुम्ही सिव्हिलचे आहात. तुमच्याकडून हे राहू नये.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पैसे कॉलेज देणार की तुम्ही खिशातून घालणार? खिशातून असतील तर खर्चाला अर्धं मिनिट पुरे, उरलेलं योजनेला द्या. कॉलेज देणार असेल तर मांडणीच्या आधी रेक्टर सरांची लेखी संमती घ्या, दोन ओळींची का असेना. पॅनेलची खरी भीती ही असते की जानेवारीत रेक्टर म्हणतील, माझ्या टॉयलेटला हात लावायचा नाही. ते पत्र शेवटच्या स्लाइडवर दाखवलं की ती भीती जाते.

काही विभागांत पॅनेलला 'नवीन काय' हवं असतं आणि साध्या पाइपच्या कामावर नाक मुरडतात. तुमचा विभाग तसा असेल तर सेन्सर घाला, पण त्याच आकड्याशी जोडून. उदाहरणार्थ, वॉटर मीटरची रीडिंग आपोआप नोंदवायची, म्हणजे फेब्रुवारीत खरंच १,८०० लिटर वापरलं गेलं का ते दिसेल. मोबाइल अ‍ॅपवर टाकीची पातळी दाखवण्यात मला काडीचाही रस नाही. ते मत माझं, तुमच्या गाइडना वेगळं वाटू शकतं.

कोणी बोलायचं? सगळ्यांनी बोलायची सक्ती नसेल तर एकानेच बोला. चौघांत माइक फिरला की प्रत्येक बदलाला दहा-पंधरा सेकंद जातात आणि शिवाय प्रत्येक जण पुन्हा 'गुड मॉर्निंग' म्हणतो. बाकीचे तिघं प्रश्न वाटून घ्या. एक पाण्याचा, एक बांधकामाचा, एक पैशांचा. स्लाइड चार: फोटो, आकृती, खर्च आणि शेवटची मागणीची. मराठीत शांतपणे बोललं तर पाच मिनिटांत साडेपाचशे-सहाशे शब्द जातात. तेवढेच कागदावर उतरवा आणि मोठ्याने वाचून बघा. साडेचार मिनिटांत संपवा, कारण प्रत्यक्षात प्रोजेक्टर लावण्यात आणि आमच्यातल्या कोणाच्या तरी मोबाइलमध्ये अर्धं मिनिट जातंच.

शेवटचं वाक्य मागणीचं असू द्या, 'थँक यू'चं नको. "सर, तळमजल्याच्या एका विंगसाठी ३०,८०० रुपये आणि दिवाळीच्या सुटीत दोन दिवस लाइन बंद ठेवायची परवानगी हवी आहे." मग गप्प बसा. तुम्ही घाबरून पुन्हा बोलायला लागलात की आमचा प्रश्न विस्कटतो.

एक प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो: 'वाया पाणीच कमी का करत नाही?' प्लँटचा व्हॉल्व्ह आवळून रिजेक्ट कमी करता येतं, पण मग मेम्ब्रेनवर क्षार लवकर बसतात आणि मेम्ब्रेन बदलायची वेळ आधी येते. रिजेक्टचं प्रमाण ठरवायचं काम प्लँट बसवणाऱ्याचं, आपण ते आहे तसं धरून चाललोय, असं सांगा. याहून जास्त वाद घालू नका.

हे सगळं गणित प्लँट जमिनीवर आहे असं धरून आहे. तुमचा प्लँट गच्चीवर असेल तर खालची टाकी, पंप आणि कंट्रोलर तिन्ही जातात, म्हणजे वरच्या हिशेबातले ८,८०० रुपये कमी, आणि विंग कोणती घ्यायची तेही बदलेल. आधी जाऊन बघा प्लँट कुठे आहे. बादली सोबत न्या.